पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधीची भीती: शल्यचिकित्सकांना आणि भूलतज्ज्ञांना काय विचारावे

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठी भूलतज्ज्ञासमोर येऊन बसणाऱ्या बहुतेकांना भीती वाटत असते, आणि ‘भीती वाटते का?’ असे विचारले की त्यांतले बहुतेक ‘नाही’ म्हणतात. मग उठताना, दाराशी पोहोचल्यावर, एखादा प्रश्न निघतो आणि तोच खरा प्रश्न असतो. भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना मला असे जे प्रश्न नेहमी ऐकू येतात ते येथे एकत्र केले आहेत. सगळ्या शस्त्रक्रियांबद्दल एकदम बोलल्यास उत्तरे मोघम होतात, म्हणून आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर होणारी एकच शस्त्रक्रिया निवडली आहे: पित्तखडे झालेले पित्ताशय पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने काढणे. जेथे उदाहरण लागेल तेथे 46 वर्षांच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या, पोटात तीनदा कळ येऊन गेलेल्या एका शिक्षिकेचे घेतले आहे. ती कोणी एक व्यक्ती नसून अशा अनेक जणींची मिळून झालेली आहे.

भीती वाटते एवढेच कळते, पण नेमके काय विचारावे हे सुचत नाही. सुरुवात कुठून करावी?

एका कागदावर भीतीची वाक्ये जशी मनात येतात तशीच लिहून काढावीत. आमच्या शिक्षिकेच्या कागदावर ‘मी उठलेच नाही तर?’, ‘मध्येच जाग आली तर?’, ‘पोट उघडावे लागले तर?’, ‘आत भलतेच काही सापडले तर?’ आणि ‘मुलीच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत मी उभी राहीन ना?’ अशी वाक्ये होती. यानंतरचे काम महत्त्वाचे आहे, ते म्हणजे प्रत्येक वाक्यापुढे त्याचे उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचे नाव लिहायचे. पहिली दोन वाक्ये भूलतज्ज्ञाची आहेत, पुढची दोन शल्यचिकित्सकाची, आणि पाचव्याचे अर्धे उत्तर शल्यचिकित्सकाकडे व अर्धे घरच्यांकडे आहे. भुलेचा प्रश्न शल्यचिकित्सकाला विचारला की ‘ते भूलवाले डॉक्टर बघतील’ असे उत्तर येते, आणि माणूस समजतो की आपल्याला टाळले.

प्रश्नाची घडणही बदलावी. ‘सगळे नीट होईल ना?’ या प्रश्नाला ‘हो, काळजी करू नका’ याखेरीज दुसरे उत्तर संभवत नाही आणि त्याने रात्रीची झोप येत नाही. ‘अमुक झाले तर तुम्ही काय कराल, आणि ते झाले हे मला कसे कळेल?’ असे विचारले की डॉक्टरला प्रत्यक्ष कृती सांगावी लागते.

ही शस्त्रक्रिया आत्ताच करायला हवी का? थांबले तर काय होईल?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, कारण त्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. तसे काही नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्तखडे योगायोगाने दिसले आणि त्यांचा कधीच त्रास झाला नसेल, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेची गरज नसते. कळ येऊन गेली असेल तर मात्र चित्र बदलते. कळ पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, आणि वाट पाहण्याच्या काळात पित्ताशयाला सूज येणे, खडा घसरून पित्तनलिकेत अडकून कावीळ होणे किंवा स्वादुपिंडाला सूज येणे असे प्रकार होऊ शकतात. सुजलेल्या पित्ताशयावरची शस्त्रक्रिया शांत असलेल्या पित्ताशयापेक्षा अवघड असते.

म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘माझ्या बाबतीत तीन महिने थांबण्यात किती धोका आहे, आणि आत्ता करण्यात किती?’ शिक्षिकेला तीनदा कळ आली होती, पण ताप नव्हता, कावीळ नव्हती आणि सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नव्हती. अशा वेळी काही आठवडे मागेपुढे करण्यास वाव असू शकतो, आणि परीक्षेचे वेळापत्रक डॉक्टरांसमोर ठेवण्यात काहीही गैर नाही. तारीख आपण मिळून ठरवली आहे, एवढ्यानेही भीतीचा एक भाग हलका होतो, असा माझा अनुभव आहे.

दुर्बिणीने ठरले असताना पोट उघडावे लागले तर? म्हणजे काहीतरी चुकले का?

या प्रश्नासाठी आधी आत काय घडते ते समजून घ्यावे लागेल. बेंबीजवळ आणि वरच्या पोटावर साधारण चार लहान छिद्रे घेतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा तयार करतात आणि दुर्बिणीतून पडद्यावर पाहत काम करतात. पित्ताशयाला जोडलेली एक बारीक नळी आणि एक रक्तवाहिनी, एवढ्या दोनच गोष्टींना चिमटे लावून त्या कापायच्या असतात. अडचण अशी की ती बारीक नळी यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नलिकेला जाऊन मिळते. सूज किंवा चिकटलेल्या पडद्यांमुळे दोन्ही वेगवेगळ्या ओळखता आल्या नाहीत, तर मुख्य नलिकेला इजा होण्याचा धोका असतो. ही इजा क्वचित होते, हजारात साधारण एक ते पाच जणांना. पण झाली तर ती गंभीर असते आणि तिच्या दुरुस्तीसाठी मोठी शस्त्रक्रिया लागू शकते.

पोट उघडण्याचा निर्णय बहुतेक वेळा हीच इजा टाळण्यासाठी घेतला जातो. आधीपासून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये शंभरात दोन ते पाच जणांच्या बाबतीत तशी वेळ येते, आणि पित्ताशय तीव्र सुजलेले असेल तर हे प्रमाण वाढते. काही वेळा पोट न उघडता पित्ताशयाचा चिकटलेला भाग तसाच ठेवून बाकीचा काढणे हा सुरक्षित मार्ग असतो. दोन्हींना चूक म्हणता येणार नाही. आत ओळख पटत नसतानाही दुर्बिणीचाच हट्ट धरणारा शल्यचिकित्सक मला अधिक धोकादायक वाटतो.

शल्यचिकित्सकाला येथे तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या परिस्थितीत तुम्ही पोट उघडाल? माझ्या सोनोग्राफीवरून आणि रक्ततपासणीवरून माझ्यात ती शक्यता नेहमीइतकी आहे की जास्त? आणि तसे झाले तर रुग्णालयातले दिवस आणि कामावर परतण्याचा काळ यांत काय फरक पडेल? शिक्षिकेला मिळालेले उत्तर असे होते: सूज दिसत नाही, त्यामुळे शक्यता कमी आहे, दुर्बिणीने झाले तर दुसऱ्या दिवशी घरी आणि दोन आठवड्यांत शाळा, उघडावे लागले तर चार-पाच दिवस रुग्णालयात आणि सुमारे सहा आठवडे घरी. उत्तर सुखद होतेच असे नाही, पण यानंतर तिला दोन्ही शक्यतांची तयारी करता आली आणि मुलीच्या परीक्षेच्या काळात मावशीला बोलावून ठेवता आले.

शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, हे विचारले तर उद्धटपणा होईल का?

होणार नाही. ‘ऑपरेशन आपण स्वतः करणार की आपल्या देखरेखीखाली दुसरे डॉक्टर करणार?’ एवढे शांतपणे विचारावे. शिकवणाऱ्या रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर काही भाग करतात, ही उघड गोष्ट आहे. वरिष्ठ शल्यचिकित्सक त्या वेळी टेबलाजवळ उभे असतील का, हे जाणून घेणे आपल्या हातात आहे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

सही थिएटरच्या दाराशी, स्ट्रेचरवर आडवे झाल्यावर मागितली जाऊ नये, तर संमतिपत्र आदल्या दिवशी वाचायला मिळावे, असा आग्रह धरावा. अर्ज इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून समजावून देण्यास सांगावे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच ग्राह्य धरावी. एका गोष्टीसाठी दिलेली संमती, जीव वाचवण्याची तातडी असल्याखेरीज, दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू पडत नाही, हेही त्याच निकालात आहे.

‘आत भलतेच काही सापडले तर?’ या भीतीचे उत्तर येथेच दडलेले आहे. शल्यचिकित्सकाला आधीच विचारावे की दुसरे काही दिसले तर तुम्ही थांबून बाहेर माझ्या माणसांशी बोलाल की त्याच वेळी करून टाकाल, आणि त्यातले काय आपल्याला मान्य आहे व काय नाही, हेही सांगावे. अर्जात त्याबद्दल सरसकट वाक्य छापलेले असेल तर त्याचा अर्थ विचारावा. बाहेर कोणी थांबायचे आणि कोणाशी बोलायचे, हे नावही रुग्णाने स्वतः सांगावे. नाहीतर मोठ्या कुटुंबात जो पहिला पुढे येतो तोच निर्णय घेतो.

भूल दिल्यावर मी उठलोच नाही तर?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न हाच. पूर्ण भूल एकदा टोचून सोडून दिली जात नाही. शिरेतून झोपेचे औषध दिल्यावर ती टिकवण्यासाठी वायू किंवा औषध सतत चालू ठेवावे लागते, आणि ते बंद केले की काही मिनिटांत माणूस जागा होऊ लागतो. दरम्यान स्नायू सैल करण्याचे औषध दिलेले असल्याने श्वास यंत्राने दिला जातो. शेवटी त्या औषधाचा प्रभाव उतरवणारे दुसरे औषध देऊन, स्वतःचा श्वास पुरेसा चालला आहे हे पाहून मगच घशातली नळी काढतात. बहुतेक जण टेबलावरच डोळे उघडतात, नाव सांगतात, ‘झाले का?’ असे विचारतातही, मात्र नंतर ते त्यांना आठवत नाही. या सगळ्या काळात भूलतज्ज्ञ खोली सोडून जात नाही, आणि रक्तातील प्राणवायू, हृदयाचे ठोके, रक्तदाब व बाहेर पडणारा श्वास यांवर लक्ष ठेवतो.

धोका शून्य नाही. प्रकृती चांगली असलेल्या माणसात केवळ भुलेमुळे मृत्यू येण्याचे प्रमाण ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांची संस्था लाखात एक असे सांगते. हृदयविकार, फुप्फुसाचा आजार, अनियंत्रित साखर किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तर आकडा बदलतो. म्हणून सरासरीत न अडकता भूलतज्ज्ञाला विचारावे: ‘माझ्या कोणत्या गोष्टीमुळे तुम्हाला जास्त सावध राहावे लागेल?’ शिक्षिकेच्या बाबतीत उत्तर होते साखर, आणि ती आठवडाभरात आटोक्यात आणता येण्यासारखी होती. घरात कोणाला भुलेचा विचित्र त्रास झाला असेल, आपल्याला पूर्वी नळी घालताना अडचण आली असेल, किंवा झोपेत श्वास अडून मोठे घोरणे असेल, तर ते आपण होऊन सांगावे.

मध्येच जाग आली आणि हलता आले नाही तर?

ही भीती निराधार नाही, पण फार दुर्मीळ गोष्टीची आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत सुमारे 19 हजार पूर्ण भुलांमागे एका रुग्णाने अशी तक्रार केल्याचे आढळले, आणि त्यांतल्या अनेक घटना तातडीच्या शस्त्रक्रियांमध्ये किंवा सिझेरियनमध्ये घडल्या होत्या. भूलतज्ज्ञाला ‘झोप पुरेशी खोल आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?’ असे विचारावे. पूर्वी कधी असे झाले असेल तर ते नक्की सांगावे, कारण त्यानुसार औषधांची आखणी बदलता येते.

उपाशीपोटी राहण्याचे नियम इतके कडक का असतात?

भुलेत घशाचे संरक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया थांबते, आणि पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेले तर जीवघेणी सूज येऊ शकते. साधारण नियम असा की हलक्या जेवणानंतर सहा तास, तळलेल्या किंवा जड जेवणानंतर आठ तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. आपल्याकडे हमखास घोटाळा होतो तो चहाचा. दुधाचा चहा ‘पाणी’ या सदरात येत नाही, तो अन्नात मोजतात. साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते, उपाशीपोटी राहायचे असताना चालत नाही. चुकून काही खाल्ले तर लपवू नये. फार तर शस्त्रक्रिया काही तास पुढे जाईल. उलट, सकाळी आठची वेळ दुपारी दोनवर गेली तर वॉर्डातल्या सिस्टरला ‘आता पाणी चालेल का?’ असे विचारावे, उगाच कोरडे राहू नये.

रोजच्या गोळ्यांचे काय करायचे?

प्रत्येक गोळीचे पाकीट तपासणीच्या वेळी सोबत न्यावे आणि ‘यातली कोणती, कधीपासून बंद, कोणती त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालू?’ हे लिहून घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती सहसा तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी राहिल्यावर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही शरीरात आम्ल साठण्याचा धोका असतो. आमच्या शिक्षिकेच्या मिश्र गोळीत हेच औषध होते आणि पाकिटावरचे बारीक अक्षर वाचेपर्यंत ते तिला ठाऊक नव्हते. आयुर्वेदिक काढे, मिश्री, तंबाखू आणि दारू यांबद्दलही सांगावे. घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर ‘मला एकट्याला बोलायचे आहे’ असे सांगितल्यास कोणताही भूलतज्ज्ञ बाकीच्यांना बाहेर थांबवेल.

आदल्या रात्री झोप लागली नाही तर गोळी घ्यावी का? आणि मास्कची भीती वाटत असेल तर?

घरातली कोणाचीतरी झोपेची गोळी घेऊ नये. भूलतज्ज्ञाला विचारल्यास तो योग्य वाटल्यास सौम्य गोळी लिहून देतो. झोपेत श्वास अडणाऱ्यांना ती टाळतात. तोंडावर काही आले की गुदमरते असे असेल तर आधीच सांगावे. प्राणवायूचा मास्क रुग्णाला स्वतःच्या हाताने धरू देता येतो, किंवा झोप लागेपर्यंत तो चेहऱ्यापासून थोडा दूर ठेवता येतो.

सगळे जण पुन्हा पुन्हा माझे नाव आणि ऑपरेशन विचारत होते. त्यांना माहीत नव्हते का?

माहीत होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी तपासणी यादी आणली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी थांबून नाव, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, उपकरणांची मोजणी अशा गोष्टी मोठ्याने तपासायच्या असतात. ती आठ शहरांत आधी वापरून पाहिली, त्यांत नवी दिल्ली होती, आणि त्या रुग्णालयांतले मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. तेव्हा कोणी नाव विचारले नाही तरच आपण विचारावे: ‘तुमच्याकडे ही यादी वापरतात का?’

किती वेळ लागेल, असे बाहेरच्यांना काय सांगावे?

शल्यचिकित्सक ‘तासाभराचे काम’ म्हणतात तेव्हा ते छेदापासून टाक्यांपर्यंतचा वेळ सांगत असतात. रुग्ण आत गेल्यापासून वॉर्डात परत येईपर्यंत आधीची शस्त्रक्रिया संपण्याची वाट, भूल, शस्त्रक्रिया, जाग आणि रिकव्हरी रूममधले निरीक्षण मिळून सहज तीन-चार तास होतात. हा फरक कोणी सांगत नाही, आणि दुसऱ्या तासापासून बाहेर बसलेली माणसे घाबरू लागतात. म्हणून दोन्ही वेळा वेगवेगळ्या विचाराव्यात आणि उशीर झाल्यास बाहेर निरोप कोण देईल तेही.

शुद्धीवर आल्यावर किती दुखेल?

छिद्रांच्या जागी दुखते आणि औषधाने ते आटोक्यात राहते. लोक घाबरतात ते खांदेदुखीने. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवले जाते आणि ती वेदना खांद्यात जाणवते. हृदयाचा त्रास असावा असे वाटते. ती साधारण दोन-तीन दिवसांत ओसरते. मात्र छातीत दाब, धाप किंवा घाम असेल तर खांदेदुखी समजून गप्प बसू नये. दुखणे वाढण्याआधीच सांगायचे की वेळेवर औषध मिळत राहील, हे सिस्टरला विचारून ठेवावे.

खर्चाबद्दल कोणाला विचारावे?

डॉक्टरांना नव्हे, तर बिलिंगच्या खिडकीवर. ठरवलेल्या पॅकेजमध्ये पोट उघडावे लागल्यास किंवा अतिदक्षता विभागात राहावे लागल्यास काय वाढेल, हे लेखी घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राशी दाखल होण्यापूर्वीच बोलावे.

घरी गेल्यावर कशाची वाट न पाहता फोन करायचा?

दिवसागणिक दुखणे कमी होत जायला हवे. ते वाढत असेल, ताप येत असेल, पोट फुगत असेल, सारख्या उलट्या होत असतील, डोळे पिवळे किंवा लघवी गडद होत असेल, तर टाके दाखवण्याच्या तारखेपर्यंत थांबू नये. पित्त गळणे किंवा नलिकेला इजा होणे या गोष्टी अनेकदा घरी गेल्यावर, पहिल्या आठवड्यात लक्षात येतात, आणि लवकर कळल्या तर उपचार सोपे असतात. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर रात्री दोन वाजता उचलला जाईल असा नंबर आहे का, ते पाहावे. फक्त ओपीडीची वेळ छापलेली असेल तर तेथेच मागून घ्यावा.

काढलेले पित्ताशय तपासणीला पाठवतात, म्हणजे कर्करोगाची शंका असते का?

बहुतेक ठिकाणी ते नेमाने पाठवतात आणि बहुतेक अहवालांत जुनी सूज व खडे एवढेच निघते. पण या अहवालाची वाट पाहण्याचे दिवस अनेकांना शस्त्रक्रियेपेक्षा जड जातात, कारण तो येणार आहे हेच त्यांना घरी गेल्यावर, बिलातील एका ओळीवरून कळते. शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवावे की नमुना पाठवणार आहात का, अहवाल किती दिवसांत येईल, तो आम्ही आणायचा की तुम्ही मागवणार, आणि त्यात काय आहे हे मला कोण सांगणार. शिक्षिकेचा अहवाल आठवड्याने येणार होता आणि टाके दाखवण्याची भेट दहाव्या दिवशी होती, म्हणून तिने दोन्ही गोष्टी एकाच भेटीत उरकण्याचे ठरवून घेतले.